भाड्याने राहावं की विकत घ्यावं: नागपूरचं गणित

> मनीषनगरला ६० लाखांचा फ्लॅट बघितलाय. तसाच भाड्याने १५ हजारांत मिळतो. घेतला तर किती वर्षांनी परवडेल?

भाव दरवर्षी किती टक्क्यांनी वाढतो, त्यावर सगळं आहे. १२ लाख स्वतःचे, मुद्रांक-नोंदणीचे साडेचार लाख आणि ४८ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं. हप्ता सुमारे ४१,६५०. देखभाल आणि घरपट्टी वर्षाला ४० हजार धरली, तीही भाड्यासारखी ५ टक्क्यांनी वाढती. भाडेकरू ते साडेसोळा लाख आणि दरमहा उरणारे ३० हजारांच्या आसपासचे पैसे ७ टक्क्यांनी गुंतवतो, असं समजू.

भाव ७ टक्क्यांनी वाढला तर सातव्या वर्षी घर पुढे जातं, म्हणजे किमतीतून उरलेलं कर्ज वजा केल्यावरही भाडेकरूच्या जमलेल्या रकमेपेक्षा जास्त उरतं. ६ टक्क्यांनी वाढला तर थेट अठराव्या वर्षी! आणि ५ टक्क्यांवर कर्ज फिटेपर्यंतही नाही. विक्रीची दलाली आणि कर यात धरलेले नाहीत.

म्हणून बिल्डरच्या नव्या स्कीमचे दर बघू नका, इमारत जुनी होते तशी वाढ मंदावते. त्याच भागातल्या दहा वर्षं जुन्या फ्लॅटची तेव्हाची आणि आताची नोंदणीकृत किंमत इंडेक्स टू या खरेदी नोंदणीच्या उताऱ्यावर ताडून बघा. उरलेले पैसे गुंतवण्याऐवजी खर्च होणार असतील, तर मात्र माझं मत सरळ घर घेण्याकडे आहे.