मदत हवी आहे: रस्टडेस्कमध्ये रिले वाटेत असताना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. आमच्या सीए ऑफिसातल्या टॅलीच्या पीसीला मी घरून रस्टडेस्क या रिमोट डेस्कटॉप अ‍ॅपने जोडतो. घरच्या वायफायवरून थेट जोडणी होते, पण मोबाइल हॉटस्पॉटवर शिल्डवर माउस नेला की `Relayed and encrypted connection` दिसतं. म्हणजे दोन्हीकडचे राउटर थेट वाट देईनात, म्हणून सगळा ट्रॅफिक मधल्या सर्व्हरवरून, म्हणजे रिलेवरून फिरतो. माउसही तेव्हा रखडत चालतो, ते एक असो.

रिलेला फक्त कुलूपबंद डेटा दिसतो, कोणता आयपी कोणाशी किती वेळ बोलला एवढंच कळतं, इथवर समजलं. माझी शंका पुढची आहे. ऑफिसच्या पीसीची पब्लिक की मला रस्टडेस्कचा आयडी सर्व्हरच सही करून देतो. मग त्यानेच खोटी की पुढे केली तर? किल्ली देणारा परका असेल तर कुलूप कितीही भक्कम असून काय उपयोग!

म्हणून स्वतःच्या व्हीपीएसवर आयडी सर्व्हरचा `hbbs` आणि रिलेचा `hbbr` दोन्ही चालवून `id_ed25519.pub` मधली की प्रत्येक मशीनवर भरायचा विचार आहे. फक्त आयडी सर्व्हर आपला ठेवून रिले दुसऱ्याचा वापरला तर चालेल का? कोणी असं केलंय?