मदत हवी आहे: स्क्रीनवर नवरी गव्हाळ, प्रिंटमध्ये काळवंडलेली

शटरवाला_चिपळूण: सोमवारी अल्बम द्यायचाय. लॅपटॉपवर चेहरे मस्त दिसतात, लॅबमधून आले ते काळवंडलेले. हळदीचे तर जांभळट! स्क्रीन कॅलिब्रेट कशी करायची? लवकर सांगा.

मेघा_क: हेड क्लीनिंग करा. माझ्या प्रिंटरचं नोझल चोंदलं होतं तेव्हा अस्संच व्हायचं.

शटरवाला_चिपळूण: ताई, घरी प्रिंटर नाहीच. लॅबचं म्हणतोय.

डार्करूम_काका: ब्राइटनेस किती? एडिटिंग रात्री करता का? जांभळट सगळेच आहेत की फक्त हळदीचे?

पिक्सेल_पांडू: एवढं कशाला विचारताय काका. कॅलिब्रेटर घ्या, 6500 केल्विन, गॅमा 2.2, विषय संपला.

शटरवाला_चिपळूण: ब्राइटनेस फुल्ल. एडिटिंग सगळं रात्रीच, Night light बंद असतो. मंडपातले नुसते काळे, जांभळट फक्त हळदीचे.

डार्करूम_काका: मग ही दोन वेगळी दुखणी आहेत. अंधाऱ्या खोलीत फुल्ल ब्राइटनेस म्हणजे फोटो आहे त्याहून उजळ दिसणार, तुम्ही तो खाली ओढणार आणि कागदावर काळा येणार. जांभळटपणा स्क्रीनचा असता तर मंडपातही आला असता. हळदीच्या फ्रेममध्ये सगळीकडे पिवळं. लॅबच्या मशीनचं ऑटो करेक्शन त्याला लाइटचा दोष समजतं आणि पिवळं काढून टाकतं. चेहऱ्यातलंही जातं.

आता एक मंडपातला, एक हळदीचा फोटो sRGB मध्ये द्या आणि 'करेक्शन बंद' असं सांगून 6×8 काढून आणा. दुपारी खिडकीशी बसा, पण प्रिंटवर ऊन नको. ट्यूबलाइटखाली तर बघूच नका. प्रिंटशेजारी तीच फाइल उघडा आणि नवरीच्या गालावर नजर ठेवून ब्राइटनेस उतरवत जा. फाइलला हात लावायचा नाही. जुळलं की तो आकडा लिहून ठेवा आणि त्यावरच एडिट करा.

पिक्सेल_पांडू: डोळ्यांनी? डोळा दोन मिनिटांत कुठल्याही रंगाला सरावतो. कॅलिब्रेटर 100 कँडेलाच्या आसपास अचूक बसवतो.

डार्करूम_काका: मान्य, रंगासाठी यंत्रच हवं, तेही स्क्रीन अर्धा तास तापल्यावर. पण लॅबवाल्याने दाबलेलं बटण तुमच्या यंत्राला दिसतं का?

शटरवाला_चिपळूण: काढून आणले. हळदीचा जांभळटपणा गेला! ब्राइटनेस 40 वर जुळला, पण आता स्क्रीन मेल्यासारखी वाटते. गाल अजून किंचित लाल.

डार्करूम_काका: सवय होईल. तो लाल मात्र पॅनेलचा असू शकतो. इथे पांडूचं ऐका, कॅलिब्रेटर भाड्याने मिळाला तर बघा.

पिक्सेल_पांडू: 😌

शटरवाला_चिपळूण: नवरीचा भाऊ म्हणतो, माझ्या मोबाइलवर दिसते तश्शीच हवी. त्याचा फोन Vivid वर आहे, कुंकू नुसतं पेटलेलं दिसतं. याला काय सांगू?

मेघा_क: अल्बमला कागद मॅट घेताय की ग्लॉसी?