शब्दचर्चा: ‘मेसेंटेरिक लिम्फॅडेनायटिस’ला घरात काय म्हणायचं?

गोदाकाठ
मुलगा सात वर्षांचा. आधी घसा दुखतोय म्हणाला, मग १०२ ताप, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पोट धरून बसला. कुठे दुखतंय विचारलं की बेंबीवर बोट. अपेंडिक्स असेल म्हणून सगळे घाबरले, सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर हे वरचं नाव आलं. डॉक्टर म्हणाले काही नाही, ग्रंथी सुजल्यात, आपोआप जाईल. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं "पोटात गाठी आल्यात" आणि बास, त्यांनी रडायलाच सुरुवात केली, नणंदेला फोन, ती पुण्याहून निघाली सुद्धा. म्हणून विचारतेय, याला मराठीत असा शब्द आहे का जो खरा पण असेल आणि माणूस घाबरणार पण नाही?

आप्पा_कराडकर
अहो ताई सोपं आहे, अवधाण. पायाला ठेच लागली, पिकली की जांघेत गाठ येते ना, तेच. तुमच्या मुलाला पोटात अवधाण आलंय. पाच दिवस अँटिबायोटिक दिलं की बसतं.

शेखर७१
माझ्या पुतणीला असंच गालगुंड झालं होतं, दोन्ही बाजूंनी गाल सुजले, आंबट खाल्लं की रडायची. आम्ही लेप लावला होता. आठ दिवसांत गेलं. घाबरू नका.

मीनल_नागपूर
काका गालगुंड वेगळं हो, ती लाळेची ग्रंथी. इथे पोटातल्या गाठींचं चाललंय.
आमच्याकडे गिल्टी म्हणतात, गळ्यात असो की काखेत. पण पोटातल्या गिल्ट्या असं कधी ऐकलं नाही, कारण त्या हाताला लागतच नाहीत ना. सोनोग्राफी घरोघरी व्हायच्या आधी त्या कुणाला दिसणार? मुलाचं पोट दुखलं की जंत, मुरडा, नजर, वायगोळा, नाहीतर शाळेत जायचं नाही म्हणून नाटक, यातलंच काहीतरी नाव मिळायचं. म्हणजे जुना शब्द सापडायचा नाही असं मला वाटतं.

सोनोवाला
रोज हा रिपोर्ट लिहितो, त्यामुळे राहवलं नाही, थोडं लांब होईल.
आप्पांचा शब्द अर्धा नाही, पाऊण बरोबर आहे. ज्या भागात जंतू शिरतो त्या भागाची नाकाबंदी जिथे असते तिथली ग्रंथी सुजते. पायाची जखम, जांघेतली ग्रंथी. घसा आला की जबड्याखालची. तसंच आतड्याच्या वाटेने काही आत आलं की आतड्याच्या ग्रंथी. लहान आतडं पोटात मोकळं पडलेलं नसतं, ते एका पातळ पडद्याने मागच्या भिंतीला धरलेलं असतं, परकराच्या निऱ्यांसारखं, वर नाड्यापाशी गोळा आणि खाली घेर मोठा. त्या पडद्याला आंत्रबंध म्हणतात आणि त्याच्या निऱ्यांमध्ये या ग्रंथी असतात. त्यातल्या भरपूर उजवीकडे खाली, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. अपेंडिक्सच्या अगदी शेजारी, म्हणून तर सगळा गोंधळ.
आता घशाचा ताप आणि पोट यांचा संबंध काय, तर घशात जे विषाणू वाढतात त्यातले काही, ॲडिनोव्हायरस मुख्य, आतड्यातही वाढतात, मूल दिवसभर शेंबूड आणि थुंकी गिळतच असतं. शिवाय घशाच्या स्ट्रेप्टोकोकस इन्फेक्शनमध्ये लहान मुलांना पोटदुखी होतेच. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनमन यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या आसपास, घशाच्या आजारातल्या पोटदुखीवर लिहिलं होतं, अजूनही काही जण याला त्यांच्या नावाने ओळखतात. पण प्रत्येक वेळी दुखतं ते त्या ग्रंथीच सुजल्यामुळे की आतडंच चिडलेलं असतं म्हणून, हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही.
आणि बेंबीच का, तर लहान आतडं, अपेंडिक्स, हे ग्रंथीवाले पडदे, या सगळ्यांच्या दुखण्याच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात, बेंबीच्या कातडीच्या नसाही त्याच पातळीच्या. मेंदूला आतलं नेमकं ठिकाण कळत नाही, तो बेंबी दाखवून मोकळा होतो. पोरगं नाटक करत नसतं.

आप्पा_कराडकर
म्हणजे मी बरोबर. मग अँटिबायोटिक का नाही दिलं त्यांना?

सोनोवाला
पायाच्या जखमेत पू असतो, बॅक्टेरिया असतो, तिथे औषध चालतं. इथे बहुतेक वेळा विषाणू असतो, त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, उलट जुलाब लागून पोट आणखी दुखतं. घशातलं स्ट्रेप तपासून सापडलं तर द्यायचं, ते घशासाठी. टायफॉइड असेल तर त्याचं वेगळं. तो ‘पाव’ भाग राहिला म्हणालो तो हाच.

गोदाकाठ
रिपोर्टमध्ये असं आहे: अनेक ग्रंथी, सगळ्यात मोठी १४ × ९ मिमी, अपेंडिक्स ५ मिमी, दाबल्यावर चपटं होतं, पोटात पाणी नाही. १४ मिमी म्हणजे खूप मोठं ना?

सोनोवाला
लांबी बघायची नाही, रुंदी बघायची, म्हणजे ९. ही ग्रंथी मुळातच लांबट घेवड्याच्या दाण्यासारखी असते. निरोगी, काहीही दुखत नसलेल्या मुलांची सोनोग्राफी केली तरी पाच मिलिमीटरच्या आसपासच्या ग्रंथी सर्रास दिसतात. काही जण ५ च्या वर मोठी म्हणतात, बरेच जण ८, काही १० म्हणतात, एकमत नाही. तुमच्या मुलाच्या ९ ला मी ‘सुजलेल्या’ म्हणेन, काळजीच्या नाही.
रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य ग्रंथींचं नाहीच, अपेंडिक्सचं आहे. ते दिसलं, ६ च्या आत आहे आणि प्रोबने दाबल्यावर दबतं. हे महत्त्वाचं का, तर अपेंडिक्स सुजलं की शेजारच्या ग्रंथीही सुजतात! त्यामुळे ‘ग्रंथी दिसल्या म्हणजे अपेंडिक्स नाही’ असं कुणी म्हणालं तर ते चूक. आणि रिपोर्टवर ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नसतो, गॅसमुळे दिसलं नाही एवढाच. अशा वेळी पोट हाताने तपासणं आणि काही तासांनी पुन्हा तपासणं याला पर्याय नाही.

मीनल_नागपूर
घरी फरक कसा ओळखायचा, ते सांगा ना. माझी मुलगी पण महिन्याआड पोट धरते.

बालदवा_लातूर
मी बालरोगवाला, हे माझ्याकडे. शंभर टक्के घरी ओळखता येत नाही हे आधीच सांगतो, पाच वर्षांच्या आतल्या मुलात तर आम्हालाही अवघड जातं. पण क्रम बघा. गोदाकाठ ताईंच्या मुलाला आधी घसा, मग ताप, मग पोट. अपेंडिक्समध्ये सहसा आधी पोट, मग उलटी, ताप नंतर आणि सुरुवातीला कमीच. दुसरं, दुखणं फिरतं का बसतं. ग्रंथींचं दुखणं आज बेंबी, उद्या थोडं उजवीकडे, मध्ये तासभर मूल खेळतं पण. अपेंडिक्सचं बेंबीवरून निघून उजवीकडे खाली जातं आणि तिथेच ठाण मांडतं, मूल भूक टाकतं, वाकून चालतं. मी पोराला जमिनीवरच्या फरशा दाखवून ‘लंगडी घाल बघू’ म्हणतो. दोन उड्या मारून हसला तर मला निम्मा हुरूप. उडी मारायला नकार दिला, किंवा दवाखान्यात येताना स्पीडब्रेकरवर कण्हला असं आईने सांगितलं, तर मी सर्जनना फोन लावतो.
औषधाचं म्हणाल तर पॅरासिटॅमॉल, वजनावर. मुलगा २२ किलोचा असेल तर एका वेळी ३३० मिलिग्रॅमपर्यंत, सहा तासांनी. ‘२५० प्रति ५ मिली’ सिरपचं ते साधारण साडेसहा मिली होतं. पण बाटलीवरचा आकडा वाचा, बाजारात १२० किंवा १२५ वालं पण मिळतं, त्याचं हेच माप दिलं तर डोस निम्मा पडतो आणि आया म्हणतात औषध लागू पडत नाही. उलटं झालं तर दुप्पट पडतो, ते जास्त वाईट. पावसाळ्यात तापाच्या पोरांना डेंगी आहे का नाही कळेपर्यंत आयब्युप्रोफेन देऊ नका.

शेखर७१
डेंगीत पण पोट दुखतं ना? आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं तसंच होतं.

बालदवा_लातूर
दुखतं, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं केलं. घशाच्या तापात ताप चढता असताना पोट दुखतं. डेंगीत ताप उतरायला लागला की पोट जोरात दुखायला लागणं, सतत उलट्या, मूल मलूल पडणं, ही धोक्याची खूण, तेव्हा ‘ग्रंथी असतील’ म्हणून घरी बसायचं नाही. तसंच ताप, खोकला, जोरात श्वास आणि पोटदुखी असेल तर पोटाआधी छाती तपासतो, फुफ्फुसाच्या तळाला न्यूमोनिया झाला तरी मूल पोटच दाखवतं.

गोदाकाठ
आणि टीबी? नणंदेने येताच पहिला शब्द तोच काढला, गंडमाळ पोटात गेली म्हणाली.

बालदवा_लातूर
आपल्या देशात हा प्रश्न वेडेपणाचा नाही. पण टीबीच्या ग्रंथी सोनोग्राफीत वेगळ्या वागतात, एकमेकींना चिकटून गठ्ठा होतात, मध्ये काळपट, मऊ पडतात, पोटात पाणी असू शकतं. आणि मूल आठवडे आठवडे खंगत आलेलं असतं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं, घरात कुणालातरी खोकला. चार दिवसांच्या घशाच्या तापात सुट्या सुट्या ९ मिमीच्या ग्रंथी बघून टीबीचं औषध सुरू केलेली मुलं मी पाहिली आहेत, वाईट वाटतं. दोन ते चार आठवड्यांत दुखणं थांबलं, वजन टिकलं, की बास. ग्रंथी त्यानंतरही काही काळ दिसतात, म्हणून नुसतं ‘लहान झाल्या का बघू’ एवढ्यासाठी दर महिन्याला सोनोग्राफी करू नका. सोनोवाला रागावतील.

सोनोवाला
मी का रागावू, गर्दी कमी होईल.
शब्दाकडे येतो. ‘गाठ’ ऐकून माणसं घाबरतात त्याला फक्त कॅन्सर कारण नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणायचे, गाठ आली म्हणजे घर सोडा. गंमत म्हणजे त्या प्लेगच्या जंतूचा एक चुलतभाऊ, यर्सिनिया एंटेरोकोलिटिका, थंड देशांत मुलांच्या याच पोटातल्या ग्रंथी सुजवतो आणि हुबेहूब अपेंडिक्सचं सोंग आणतो, तो भाऊ मात्र बराच मवाळ.

मीनल_नागपूर
मग ‘आतड्याचं अवधाण’? आप्पांचं नाव पण राहील.

आप्पा_कराडकर
मला चालेल.

सोनोवाला
मला नाही चालणार, अवधाण म्हटलं की आजी विचारणार जखम कुठेय, आणि मग पोटावर बिब्बा लावणार. मी पेशंटला ‘पोटातल्या ग्रंथींना सूज’ म्हणतो. गाठ नाही, सूज.

बालदवा_लातूर
सूज म्हटलं की माझ्याकडे येऊन पोट फुगलंय का ते दाखवतात. मी ‘घसा पोटात उतरलाय’ म्हणतो, सगळ्यांना लगेच कळतं. शास्त्रापुढे टिकणार नाही म्हणा.

गोदाकाठ
सासूबाईंना ‘घसा पोटात उतरलाय’ सांगून बघितलं. आता हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावतायत, पोरगं ऐकतंय पण. लंगडी घातली त्याने, चार फरशा.