'डोळे मिटा' की 'डोळे मिचकावा'?

पाऊलखूण: फोनवरून हयातीचा दाखला काढायच्या 'जीवन प्रमाण' अ‍ॅपची चित्रफीत होते आहे, तिचं निवेदन मी लिहिते आहे. ऐकणारे सत्तरीपुढचे, म्हणून सावकाश आणि घरगुती बोलीत. चेहरा दाखवताना पापण्यांची उघडझाप करावी लागते, कोणी नुसता फोटो समोर धरू नये म्हणून. मी लिहिलं, 'आता डोळे मिटा.' आईला वाचून दाखवलं, तर ती देवापुढे बसते तशी डोळे मिटून बसूनच राहिली! 'डोळे मिचकावा' चालेल का?

निवृत्तमास्तर: मुळीच नको. मिचकावणे म्हणजे खूण करणे. वडीलधाऱ्यांना असं सांगतात का? 'पापणी लववा' म्हणा.

कृष्णाकाठ: मास्तर, खुणेसाठी आपण 'डोळा मिचकावला' म्हणतो, एकच डोळा. अंधारातून एकदम उन्हात आलेला माणूस 'डोळे मिचकावतो', त्यात वावगं काही नाही. पण ऐकताना हा फरक निसटेल, म्हणून तुमची शंका रास्त आहे. 'लववा' मात्र अडतं. पापणी आपोआप लवते, ती कोणी लववत नाही.

चंदन: माझे वडील 82 वर्षांचे आहेत. दाखला नोव्हेंबरातच द्यायचा ना?

कृष्णाकाठ: केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन असेल आणि वय 80 किंवा त्याहून जास्त असेल, तर 1 ऑक्टोबरपासून देता येतो. केंद्राच्या बाकीच्या निवृत्तांना नोव्हेंबर.
पाऊलखूण, 'डोळे मिटा-उघडा' असं एका दमात म्हणा. 'मिटा' म्हणून थांबलात की ऐकणाराही मिटूनच थांबतो, आईंचं तेच झालं. सावकाश म्हणजे शब्द ताणायचे नाहीत. एक सूचना नेहमीच्या लयीत पुरी करायची आणि पुढची सुरू करण्याआधी ती करायला वेळ द्यायचा. शिवाय हे आधीच सांगा, फोन तोंडासमोर धरल्यावर नको.

मंजिरी: 'दाबा' लिहिलं असेल तर तेही काढा. माझे काका दारावरची बेल दाबावी तसं चिन्ह दाबून धरतात. मग अ‍ॅप उघडतच नाही, चिन्हाजवळ भलतीच यादी येते, नाहीतर चिन्ह बोटाबरोबर सरकतं. त्यांना म्हटलं, 'तवा तापलाय का बघतो तसं बोट लावा आणि उचला.' लगेच जमलं.

निवृत्तमास्तर: 'स्पर्श करा' असा सरळ शब्द असताना तवा कशाला? आधीच फोनला हात लावायची धास्ती, त्यात चटक्याची आठवण!

मंजिरी: 'स्पर्श करा'मध्ये बोट उचलायचं कुठे येतं, मास्तर?

पाऊलखूण: 'मिटा-उघडा' घेतलं. 'बोट लावा आणि उचला' हेही पक्कं. तव्याचं मात्र मन होत नाही. आज संध्याकाळी आईला दोन्ही तऱ्हांनी ऐकवून बघते.