शिफ्ट हँडओव्हरचा ४२ ओळींचा कागद: वाढवायचा की फाडायचा?

भोसरीचा सुपरवायझर
सीएनसी लाईनवर सेकंड शिफ्ट बघतो. हँडओव्हरचा कागद ४२ ओळींचा आहे. पेंडिंग रिपेअर, मटेरियल, क्वालिटी, सगळं त्यात. भरायला दहा मिनिटं लागतात, वाचत कुणीच नाही. गेल्या महिन्यात कस्टमरकडून माल परत आला, आता साहेब म्हणतात अजून आठ ओळी वाढवा. मी म्हणतो कागद फाडा आणि मशीनसमोर उभं राहून तोंडी सांगा. तुमचं काय मत?

रातपाळीवाला
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे जाणारा आणि येणारा दोघं मिळून लाईनवर एक फेरी मारतात. कुठल्या मशीनखाली तेल सांडलंय, कुठल्या ट्रॉलीला लाल टॅग आहे, डोळ्यांना दिसतं. कागदावरच्या टिका लोक कँटीनमध्ये बसून मारतात, हे मी स्वतः पाहिलंय. (मारल्याही आहेत, आता कबूल करायला काय जातंय!)

बसचा पास
आधी हे सांगा, त्या दहा मिनिटांचे पैसे मिळतात का? आमची बस पाळी सुटल्यावर दहाव्या मिनिटाला निघते. हँडओव्हर करत बसलो की हायवेपर्यंत चालत. ओव्हरटाईम द्या, मग ४२ काय, ८४ ओळी भरतो.

भोसरीचा सुपरवायझर
दादा, प्रश्न पगाराचा नव्हता. पण बसचं खरं आहे. फेरी मारायला जाणारा माणूस थांबला तर पाहिजे ना.

क्यूसीवाली
माल कशासाठी परत आला ते सांगितलंच नाहीत. त्यावर ठरेल की कागद चुकला की माणूस.

भोसरीचा सुपरवायझर
पातळ भिंतीचा बुश आहे ताई. बोअर ३२ एच ७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५. कस्टमरकडे पिन आत जाईना. आमच्या रेकॉर्डवर सगळे पीस एअर गेजला ३२.०१० च्या आसपास, मधोमध. परत आलेले पीस आम्ही पुन्हा गेजवर लावले, तरी ओके! मशीनमध्ये तसं काही नव्हतं. पॉवर पॅकच्या सीलमधून तेल गळत होतं, ते सोमवारपासून पेंडिंगमध्ये लिहिलेलंच होतं. सील किटही मागवलं होतं.

पाना बावीस
थांबा, इथेच सगळं आहे. २६ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून विचारतो. गळतीमुळे चकचं प्रेशर पडत असणार आणि प्रेशर स्विच अलार्म देऊन मशीन थांबवत असणार. मग कुणीतरी प्रेशर वाढवून ठेवलं का?

भोसरीचा सुपरवायझर
हो. सोमवारी आमच्याच शिफ्टला फिटरने १२ चं १८ किलो केलं. डिस्पॅच अडलं होतं. मला तोंडी सांगितलं, मी थर्डवाल्याला तोंडी सांगितलं. त्याने पुढे सांगितलं की नाही, माहीत नाही.

पाना बावीस
मग ऐका. तीन जॉच्या चकने पातळ बुश जोरात आवळला की तो तीन ठिकाणी दाबला जातो. दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो. जॉ सुटले की बुश आपल्या जागी परत येतो आणि तो गोल बोअर किंचित तिकोनी होतो. तुमच्या एअर प्लगला समोरासमोर दोनच जेट असतील. तिकोनी भोकात एका बाजूला फुगवटा असेल तर बरोबर समोर दबलेलं असतं, बेरीज तीच येते. प्लग गोल फिरवा, आकडा हलणार नाही. पिन मात्र गोल आहे, ती दबलेल्या तीन जागी अडते. साधा गो प्लग घातला असता तर तुमच्याच टेबलावर कळलं असतं.

आता कागदाकडे या. रिपेअरच्या ओळीत "सील गळती, पेंडिंग". मटेरियलच्या ओळीत "सील किट मागवले". क्वालिटीच्या ओळीत "बोअर ओके". तिन्ही ओळी खऱ्या, तरी माल गेला. कारण गळती असताना मशीन कशावर चालवली, हे लिहायला जागाच नव्हती. पेंडिंग म्हणजे नुसतं राहिलेलं काम नसतं, त्याच्या जागी केलेला जुगाड असतो. प्रेशर वाढवलं, सेन्सर बायपास केला, ऑफसेट हलवला. माझ्या मते प्रत्येक पेंडिंगपुढे दोनच गोष्टी हव्यात: तोवर काय बदललंय, आणि त्यासाठी कुठलं चेकिंग वाढवलंय. बाकीच्या ३५ ओळी खुशाल फाडा.

रातपाळीवाला
म्हणजे तोंडी सांगणं कमी पडलं? फेरी मारली असती तर गळती दिसलीच असती.

पाना बावीस
गळती दिसली असती. गेजचा काटा १८ वर आहे हेही दिसलं असतं. पण तिथे १२ असायला हवं, हे नवीन माणसाला कोण सांगणार? आणि तोंडी निरोप एक पाळी टिकतो. सोमवारचं बोलणं गुरुवारी कुणाच्या लक्षात राहतं?

स्टोअरची बाजू
"सील किट मागवले" वाचून हसलो. अशा इंडेंटवर नुसतं "सील किट, १ नग" असतं. कुठल्या मेकचा पॉवर पॅक, काय साईज, काही नाही. वर शॉप इंचार्जची सही नाही, म्हणजे आमच्या दृष्टीने मागणी झालेलीच नाही. चार दिवस प्रत्येक पाळी "मागवले" हीच ओळ उतरवून काढते आणि शिव्या स्टोअरला. हँडओव्हरमध्ये इंडेंट नंबर लिहा. नंबर नसेल तर "मागवले" लिहायचं नाही. रात्री स्टोअर बंद असतं हेही धरून चला. सेकंड शिफ्टने आठच्या आत मागितलं तर काही हाती लागेल.

भोसरीचा सुपरवायझर
आत्ता फाईल काढून बघितली. इंडेंट ट्रेमध्येच होता. सही नव्हती.

समुद्रावरून परत
मी ऑफशोअरला होतो. तिथे पायपर अल्फा प्रत्येकाला शिकवतात. ६ जुलै १९८८, नॉर्थ सी. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून तिथे तात्पुरती झाकणी बसवलेली होती. रात्रीच्या पाळीसमोर पंपाच्या कामाचं परमिट होतं, व्हॉल्व्हचं नव्हतं. दुसरा पंप बंद पडला म्हणून हा सुरू केला, गॅस गळला आणि १६७ माणसं गेली. कागद होता, पण एका यंत्राचे दोन कागद वेगवेगळे होते. तुमच्या तीन ओळींसारखंच.

रातपाळीवाला
साहेब, ते तेलाचं प्लॅटफॉर्म, हा बुश. इतकं ताणू नका.

क्यूसीवाली
पाना दादांचं बहुतेक पटलं, फक्त ३५ ओळी फाडण्याला विरोध. रिकामी जागा म्हणजे "काही नाही" की "बघितलंच नाही", हे मला सकाळी कसं कळणार? पाळी सुरू होताना पहिला पीस, एअर गेज मास्टरवर सेट केला का, होल्डच्या बिनमध्ये किती नग, या ओळी रोज भरायलाच हव्यात. आणि आकड्यात, टिक नको. "होल्ड १४ नग" असं लिहायला बिनपर्यंत जावं लागतं, टिक खुर्चीत बसूनही मारता येते.

पाना बावीस
आकडाही खुर्चीत बसून लिहितात ताई. काल १४ तर आज १४.

क्यूसीवाली
मग तो पकडता तरी येतो. टिक कशी पकडायची?

भोसरीचा सुपरवायझर
उद्यापासून पेंडिंगच्या ओळीपुढे "तोवर काय बदललं", "जादा चेकिंग" आणि इंडेंट नंबर असे तीन रकाने हाताने आखतोय. त्या बुशला दर तासाला गो प्लग. साहेबांच्या आठ ओळींचं नंतर बघू. एक मात्र सांगा. थर्ड शिफ्टवाल्याने वाचलं "चक प्रेशर १८, नेहमी १२" आणि तो म्हणाला मी ही मशीन चालवत नाही, तर तो अधिकार त्याला आहे का? रात्री बाराला विचारायचं कुणाला?

रातपाळीवाला
आमच्याकडे नाही. फोन केला तर साहेब म्हणतात, "सकाळपर्यंत ओढ."