मागच्या वर्षी नफ्यात मिळवलेली रक्कम यंदा वजा करा

"करपात्र नफा काढताना पुस्तकी नफ्यात पुस्तकातला घसारा मिळवला, आयकराचा वजा केला, टीडीएस न कापलेल्या खर्चाचे ३० टक्के मिळवले. झालं ना?"

त्या वर्षापुरतं झालं, पण ते ३० टक्के कायमचे गेलेले नसतात. आमच्याकडचंच उदाहरण देतो. पुस्तकी नफा २० लाख, पुस्तकातला घसारा ३ लाख मिळवला, आयकराचा साडेचार लाख वजा केला. कंत्राटदाराच्या ४ लाखांच्या बिलावर टीडीएस राहिला होता, म्हणून १ लाख २० हजार मिळवले. करपात्र नफा १९ लाख ७० हजार.

तो टीडीएस पुढच्या वर्षी भरला, म्हणजे त्या वर्षी हे १ लाख २० हजार वजा व्हायला हवेत. पण खर्च आदल्या वर्षीच नोंदवलेला, त्यामुळे नव्या वर्षाच्या तेरजेत त्याचा मागमूस नसतो. आमच्या नव्या अकाउंटंटकडून ते नेमकं सुटलं. २५ टक्के दर आणि उपकर धरून ३१,२०० रुपये जास्त भरले गेले. मुदत होती म्हणून सुधारित विवरणपत्र भरता आलं. तेव्हापासून आधी मागच्या वर्षीचा कर-हिशेब उघडतो, त्यात मिळवलेल्या प्रत्येक रकमेपुढे चलनाची तारीख लिहितो आणि मगच यंदाच्या नफ्याला हात लावतो.