‘अर्जित मूल्य’ म्हणावं की ‘झालेल्या कामाचा मंजूर खर्च’? आणि फ्लोटला काय म्हणाल?

कोरी पाटी
प्रकल्प व्यवस्थापनाच्या उदाहरणांची मराठी टिपणं करते आहे. ‘अर्न्ड व्हॅल्यू’ला ‘अर्जित मूल्य’ लिहिलं, तर मुलं त्या जागी भलतेच आकडे घालतात. दोष शब्दाचा की परीक्षेतल्या घाईचा? उदाहरण असं: एकूण मंजूर खर्च ४०० हजार, मुदत १० महिने, दर महिन्याला सारखं काम ठरलेलं. ६ महिने संपले, एकूण कामापैकी ५० टक्के झालं, प्रत्यक्ष खर्च २३० हजार. एकाच वर्गात ईव्हीची तीन उत्तरं आली: २००, १२० आणि २३०.

शब्दवेडा
‘अर्जित’ वाईट नाही. ‘अर्जित रजा’ आठवा. काम केलं म्हणून ती रजा खात्यावर जमा होते. आपण ती घेतली की नाही, याच्याशी जमा होण्याचा संबंध नसतो. इथेही काम झालं की त्याचा मंजूर खर्च खात्यावर जमा होतो, मग प्रत्यक्षात कितीही खर्च झालेला असो. अडतं ते ‘मूल्य’वर. मूल्य म्हटलं की बाजारभाव किंवा मिळालेले पैसे मनात येतात.

बिलवही
पण मिळालेले पैसेच ना ते? आमच्याकडे ६० टक्क्यांचं बिल निघालं की तेवढं ‘अर्न’ झालं असं धरतात. मग या उदाहरणात बिल किती काढलं ते दिलेलंच नाही, गणित अपुरं वाटतं.

ओळंबा
बिलवही, तुम्ही म्हणता ती मिळकत. बिलात नफा असतो, आगाऊ रक्कम वळती होते, कधी काम होऊनही बिल पुढच्या महिन्यात जातं. ईव्हीत यातलं काही येत नाही, म्हणून गणित अपुरं नाही.

शब्दाबद्दल: हे तंत्र अमेरिकी संरक्षण खात्याने १९६७ साली निकषांत बांधलं, तेव्हाची नावं लांबलचक होती, पण ती फसवत नव्हती. ईव्हीचं जुनं नाव ‘बजेटेड कॉस्ट ऑफ वर्क परफॉर्म्ड’, म्हणजे झालेल्या कामाचा मंजूर खर्च. प्रत्येक नावात दोन प्रश्नांची उत्तरं होती: काम कोणतं आणि दर कोणता. पीव्ही म्हणजे ठरलेलं काम, मंजूर दर. ईव्ही म्हणजे झालेलं काम, मंजूर दर. एसी म्हणजे झालेलं काम, प्रत्यक्ष दर. टिपणात ‘अर्जित मूल्य’ ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे हे लांब नाव पूर्ण लिहा. २३० लिहिणाऱ्याचा दर चुकला. १२० लिहिणाऱ्याचं काम चुकलं: त्याने ५० टक्के ४०० चे न घेता आजपर्यंतच्या पीव्हीचे, म्हणजे २४० चे घेतले. ‘५० टक्के काम’ वाचल्यावर ‘कशाचे?’ हे विचारायचं राहून जातं.

तिरपी रेघ
त्यासाठी सोपा पडताळा आहे. खर्चाची तफावत म्हणजे ईव्ही वजा एसी, वेळापत्रकाची तफावत म्हणजे ईव्ही वजा पीव्ही. पहिलीतून दुसरी वजा केली की पीव्ही वजा एसी उरायला हवं. इथे २०० − २३० = −३० आणि २०० − २४० = −४०. फरक १०, आणि २४० − २३० सुद्धा १०. जुळलं की सगळं बरोबर.

ओळंबा
पडताळा खरा आहे, पण ‘सगळं बरोबर’ नाही. १२० घालून बघा: −११० आणि −१२०. फरक पुन्हा १०! वजाबाकीत ईव्ही उडून जातं, त्यामुळे ईव्ही चुकलं असेल तर या पडताळ्याला ते दिसतच नाही. सीपीआय म्हणजे ईव्ही भागिले एसी, एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही. सीपीआयला एसपीआयने भागून पीव्ही भागिले एसी येतं का हे पाहणारेही तिथेच फसतात. हे दोन्ही पडताळे फक्त नंतरची आकडेमोड तपासतात.

ईव्ही तपासायचं तर उलट जायचं: ईव्हीला एकूण मंजूर खर्चाने भागा, प्रश्नात दिलेली टक्केवारी परत आली पाहिजे. २०० भागिले ४०० म्हणजे ५० टक्के, ठीक. १२० भागिले ४०० म्हणजे ३० टक्के, आणि प्रश्नात ३० कुठेच नाही. पाच सेकंदांचं काम.

कोरी पाटी
पुढच्या पायरीतही घोळ होतो. सीपीआय कधी उलटा, म्हणजे २३० भागिले २०० घेतात. मग एकूण खर्चाचा नवा अंदाज ४०० भागिले १.१५, साधारण ३४८ येतो आणि तसाच खाली लिहिला जातो.

ओळंबा
तिथे सूत्र बाजूला ठेवून वाक्यात बोलून पाहावं. अर्धं काम २३० मध्ये झालं. याच चालीने पूर्ण काम ४६० मध्ये होईल. ३४८ खरं मानायचं तर उरलेलं अर्धं काम ११८ मध्ये उरकावं लागेल, पहिल्या अर्ध्याच्या जवळपास निम्म्या खर्चात. कोणी पटवून देऊ शकेल का? तफावतीचं चिन्हही साक्ष देतं: खर्चाची तफावत −३०, मग सीपीआय १ च्या खालीच हवा आणि नवा अंदाज ४०० च्या वरच.

आणखी एक घसरण म्हणजे सीपीआय लवकर राउंड ऑफ करणं. ०.८७ घेतला तर ४५९.८ येतं, ते चालेल. पण ०.९ घेतला की ४४४, म्हणजे १६ हजारांचा फरक. सीपीआय वेगळा न काढता ४०० × २३० ÷ २०० असं एकदमच करावं. अर्थात हा सगळा अंदाज ‘आतापर्यंतची खर्चाची चाल पुढेही टिकेल’ या गृहीतावर उभा आहे. प्रश्नात ‘उरलेलं काम मंजूर दराने होईल’ असं म्हटलं असेल, तर उत्तर २३० अधिक २००, म्हणजे ४३० येतं. दोन्ही उत्तरं शहाणीच दिसतात, त्यामुळे ही चूक कोणताही पडताळा पकडत नाही. ते वाक्य वाचावंच लागतं.

तिरपी रेघ
आणि मुदत १० भागिले ०.८३३ म्हणजे १२ महिने, बरोबर?

ओळंबा
या उदाहरणात हो, कारण काम दर महिन्याला सारखं ठरलेलं आहे: ५ महिन्यांच्या कामाला ६ लागले, १० महिन्यांच्या कामाला १२ लागतील. योजना समान नसेल तर हे उत्तर ढोबळच. शिवाय प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी ईव्ही आणि पीव्ही सारखे होतात, म्हणून एसपीआय १ वर येऊन थांबतो. अखेरच्या टप्प्यात त्याच्यावरून उशीर ठरवू नये.

शब्दवेडा
एक गोष्ट खटकते. वर तुम्ही ‘तफावत’ म्हणालात, ते व्हेरियन्सच ना? मग पर्टच्या, म्हणजे कामांच्या कालावधीचा अंदाज बांधण्याच्या, गणितातही व्हेरियन्स येतं. तिथेही तफावतच म्हणायचं का?

ओळंबा
मुळीच नको. इंग्रजीत शब्द एकच असल्यामुळे मुलं गोंधळतात, मराठीत दोन करायची संधी आहे. खर्चाच्या तफावतीला चिन्ह असतं आणि ते महत्त्वाचं असतं. पर्टमध्ये सर्वांत जास्त कालावधीतून सर्वांत कमी वजा करून ६ ने भागतात आणि वर्ग करतात. ते ऋण येऊच शकत नाही. निर्णायक मार्गावर, म्हणजे मुदत ठरवणाऱ्या सर्वांत लांब मार्गावर, हे वर्गच बेरजेत जातात. दोन कामांचे ४ आणि १ असतील तर बेरीज ५, वर्गमूळ साधारण २.२४. घाईत २ अधिक १ असं ३ होतं.

कोरी पाटी
फ्लोटला मी ‘तरंग’ लिहिलं होतं, ते वाचून हसू येतं.

शब्दवेडा
‘सवड’ घ्या की! काम किती दिवस लांबलं तरी अडत नाही, म्हणजे त्याला किती सवड आहे. प्रकल्प न लांबता मिळते ती एकूण सवड, आणि पुढचं कामही न अडता मिळते ती मोकळी सवड.

ओळंबा
सवड फार छान बसतो, कारण त्यातून लगेच प्रश्न निघतो: सवड कुणाची? हे छोटं जाळं घ्या.

```
काम   कालावधी   आधीचं काम
अ      ४        –
ब      ६        अ
क      ३        अ
ड      ५        ब
इ      ७        क
फ      ४        ड, इ
```

शून्यापासून पुढे गेलं तर ब १० ला संपतं, ड १५ ला, इ १४ ला. फ ला दोघांची वाट पाहायची आहे, म्हणून ते १५ ला सुरू होऊन १९ ला संपतं. परत येताना अ जवळ दोन आकडे भेटतात: ब उशिरात उशिरा ४ ला सुरू व्हायला हवं, क ५ ला. इथे लहान आकडा घ्यायचा. घाईत ५ घेतला तर अ ची उशिराची सुरुवात १ येते. परतीची फेरी पहिल्या कामावर ० ला पोचली नाही, की चूक झाली हे तिथेच कळतं. जाताना फ पाशी १५ ऐवजी १४ घेतला तरी परतीत अ ला −१ मिळतो.

आता क आणि इ, दोघांची एकूण सवड १ दिवस. बरेच जण ‘त्या मार्गावर २ दिवस सवड’ लिहितात. पण तो एकच दिवस दोघांत मिळून आहे. क ने तो खाल्ला की इ ला उरत नाही. म्हणून क ची मोकळी सवड ०, इ ची १. पडताळा मार्गांच्या बेरजेचा: अ-ब-ड-फ १९, अ-क-इ-फ १८, फरक १.

तिरपी रेघ
मग ० वर परत आलं आणि बेरजा जुळल्या की जाळं पक्कं.

ओळंबा
आकडे पक्के, जाळं नाही. समजा तक्त्यात इ च्या आधी ‘ब, क’ होतं आणि बाण एकच काढला. खरी मुदत २१ येते, तुमची १९, आणि तुमचे सगळे पडताळे जुळतात, कारण चुकीचं जाळं स्वतःशी सुसंगत असतं. त्यासाठी गणिताच्या आधी मोजणी: ‘आधीचं काम’ या रकान्यात जितकी अक्षरं, तितके कामाकामांतले बाण. वरच्या तक्त्यात ६.

बिलवही
आमच्याकडे पहिला दिवस १ धरतात, शून्य नाही. मग सवडीत एक दिवस कमी येतो तो यामुळेच का?

ओळंबा
हो. १ धरला की अ १ ते ४, ब ५ ते १०. शेवटच्या तारखेतून सुरुवात आणि कालावधी वजा केला की एक दिवस कमी पडतो, मग निर्णायक मार्गावरच्या कामांनाही −१ सवड दिसते. उशिराच्या सुरुवातीतून लवकरची सुरुवात वजा करा, म्हणजे दोन्ही पद्धतींत उत्तर एकच.

कोरी पाटी
‘सवड’ घेते. ‘मोकळी सवड’ मात्र जमत नाही, दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. ‘स्वतःची सवड’ लिहू का?

शब्दवेडा
‘स्वतःची’ म्हटलं की इंडिपेंडंट फ्लोट आठवतो, तो तर आणखी वेगळा. ‘निर्वेध सवड’?

ओळंबा
निर्वेध जड आहे. ‘पुढच्याला न अडवणारी सवड’ लांब आहे, पण अर्थ चुकत नाही. दुसरं कोणाला सुचतंय का?